कपातीचा हिशेब आणि उरलेली रक्कम

आरोग्य विम्याचा दावा पूर्णपणे नाकारला गेला, तर नकाराचे कारण निदान एका वाक्यात तरी कळते; परंतु दावा अंशतः मंजूर होतो, तेव्हा बँक खात्यात अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम जमा होते आणि सोबतच्या पत्रात ‘पॉलिसीच्या अटींनुसार कपात’ एवढाच मोघम शेरा असतो. अशा वेळी उरलेली रक्कम थेट मागण्याआधी कपातीचा बाबवार तपशील मागणे आवश्यक ठरते, कारण कोणत्या बाबीतून किती रक्कम कोणत्या कलमाखाली वजा झाली हे कळल्याखेरीज कपातीचा योग्य भाग आणि अयोग्य भाग वेगळा करता येत नाही.

या कपातींपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी समजली जाणारी कपात म्हणजे प्रमाणशीर कपात होय. पॉलिसीत खोलीभाड्याची दैनिक मर्यादा असेल आणि रुग्णाने त्याहून महाग खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरक नव्हे, तर खोलीच्या वर्गानुसार वाढणारे इतर आकारही त्याच प्रमाणात कमी केले जातात. या इतर आकारांना संलग्न वैद्यकीय खर्च म्हणतात आणि त्यांत सामान्यतः शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार आणि परिचर्येचा खर्च मोडतो. मात्र विमा नियामक प्राधिकरणाने जून 2020 मध्ये या कपातीला स्पष्ट मर्यादा घातल्या: औषधे व वापरून टाकण्याच्या वस्तू, शरीरात बसवली जाणारी उपकरणे आणि निदान चाचण्या यांचा खर्च संलग्न खर्चात धरता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या आकारांना ही कपात लागू होत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार दर बदलत नाहीत, तेथेही ती लावता येत नाही.

उदाहरणादाखल, पाच लाख रुपयांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये आहे आणि रुग्ण चार दिवस 8,000 रुपयांच्या खोलीत राहिला, असे समजू. खोलीभाडे 32,000, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह यांचे 80,000, औषधे 40,000, शरीरात बसवलेले उपकरण 60,000 आणि चाचण्या 18,000 असे एकूण बिल 2,30,000 रुपये होते. पाच हजाराचे आठ हजाराशी प्रमाण साडेबासष्ट टक्के असल्याने कंपनीने संपूर्ण बिलालाच हे प्रमाण लावले, तर 1,43,750 रुपये मिळतात आणि 86,250 रुपये कापले जातात. नियमानुसार मात्र खोलीभाड्यातून 12,000 आणि संलग्न खर्चातून 30,000 अशी 42,000 रुपयांचीच कपात होऊ शकते. म्हणजे औषधे, उपकरण आणि चाचण्या यांतून कापलेले 44,250 रुपये परत मागण्याजोगे आहेत. शिवाय शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा आकार सर्व खोल्यांसाठी सारखाच असल्याचे रुग्णालयाने दरपत्रकासह लेखी दिले, तर ते 30,000 रुपयेही देय ठरतात. भाड्यातील 12,000 रुपयांचा फरक मात्र रुग्णालाच सोसावा लागतो आणि तो मागितल्याने उरलेली मागणी दुबळी होते.

म्हणून विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायच्या पत्रात पॉलिसी व दावा क्रमांक देऊन प्रत्येक बाबीसमोर आकारलेली रक्कम, मंजूर रक्कम, कपातीचे कारण आणि त्या कारणाचे पॉलिसीतील कलम असा तक्ता मागावा. नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार दावा अंशतः अमान्य करताना संबंधित अटींचा उल्लेख करून कारण कळवणे कंपनीवर बंधनकारक असल्याने ही मागणी कृपेची याचना ठरत नाही. त्याच पत्रात वरीलप्रमाणे स्वतःचा हिशेब मांडून येणे रकमेचा नेमका आकडा लिहावा, अंतिम बिलाची बाबवार प्रत व रुग्णालयाचे पत्र जोडावे आणि आधी मिळालेली रक्कम हक्क राखून स्वीकारल्याचे नमूद करावे, म्हणजे ती अंतिम तडजोड म्हणून स्वीकारल्याचा अर्थ काढला जाणार नाही. कागदपत्रे तपासणाऱ्या टीपीएला, म्हणजे कंपनीने नेमलेल्या त्रयस्थ प्रशासकाला, पत्राची प्रत द्यावी. परंतु दावा मान्य वा अमान्य करण्याची जबाबदारी कंपनीची असल्याने मूळ पत्र तिलाच पाठवावे.

तक्रारीला एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत, शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. तेथे कंपनीने दिलेला तक्ता आणि विमाधारकाचा हिशेब शेजारी ठेवला, की वाद संपूर्ण बिलाचा न राहता 44,250 रुपयांच्या तीन बाबींवर येतो आणि त्या प्रत्येक बाबीवर कंपनीला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते.