घटक चाचणीत २० पैकी ८, तरी श्रेणी 'ब-२' कशी? बाईंच्या चिठ्ठीचा नेमका अर्थ

गेल्या आठवड्यात ताईने मला पाचवीच्या पालकांच्या ग्रुपवर आलेली एक चिठ्ठी फॉरवर्ड केली. वर्गशिक्षिका बाईंनी लिहिलेली, जेमतेम अर्ध्या पानाची. खाली ४३ मेसेज, आणि त्यातले निम्मे एकच विचारत होते: "म्हणजे नक्की काय?"

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा होत्या. यंदा गणिताची घटक चाचणी २० गुणांची असेल. त्यातले १० गुण नेहमीच्या लेखी प्रश्नांना आणि १० गुण पुस्तक उघडं ठेवून सोडवायच्या प्रश्नांना. चाचणीची तारीख आधी कळवली जाणार नाही. मिळालेले गुण निम्मे करून 'आकारिक'मध्ये धरले जातील आणि प्रगतिपुस्तकावर शेवटी श्रेणी येईल.

पालकांचे प्रश्न साधे होते. पुस्तक बघून लिहायचं तर ती परीक्षा कसली? तारीख सांगितली नाही तर अभ्यास कधी घ्यायचा? आणि २० चे १० का करायचे? एकेक करून बघू.

हे खरंच नवीन आहे का?

त्या शाळेसाठी असेल. नियमासाठी नाही. महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलं. त्यात मूल्यमापनाचे दोन भाग केले आहेत. मूल शिकत असताना वर्षभर जे बघायचं ते आकारिक. सत्राच्या शेवटी जी परीक्षा होते ती संकलित.

आकारिकसाठी शिक्षकांना आठ साधनं दिली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. म्हणजे आपण जिला 'युनिट टेस्ट' म्हणतो ती या आठांपैकी फक्त एक. आणि तिचं वर्णनच असं आहे की ती छोट्या कालावधीची, वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिक पद्धतीने घ्यायची. पुस्तकासह चाचणीचा उल्लेखही तिथेच आहे.

त्यामुळे बाईंनी तारीख लपवली नाही, नियमात जे होतं तेच केलं. अनेक शाळांमध्ये मात्र घटक चाचणी म्हणजे छोटी सहामाहीच झाली होती. वेळापत्रक, आदल्या रात्रीची घोकंपट्टी, दुसऱ्या दिवशी विसर. बाईंनी ती पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवली, म्हणून ती नवीन वाटली.

२० चे १० का होतात?

आकारिक आणि संकलित यांचा वाटा इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, संकलित ३० टक्के. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. मूल जसं मोठं होतं तसा परीक्षेचा वाटा वाढत जातो.

पाचवीला गणिताचे एका सत्राचे १०० गुण असतील तर ५० आकारिकचे आणि ५० संकलितचे. संकलितच्या ५० मध्ये १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखीचे. आकारिकच्या ५० गुणांची विभागणी शिक्षक वेगवेगळ्या साधनांमध्ये करतात. बाईंनी चाचणीला १० दिले, म्हणून २० ची चाचणी १० वर आणली.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, पाचवीतल्या एका मुलीला चाचणीत २० पैकी ८ मिळाले. ते झाले १० पैकी ४. तोंडी कामात तिला १० पैकी ७, कृतीत १० पैकी ८, स्वाध्यायात १५ पैकी १२ आणि प्रकल्पात ५ पैकी ४ आहेत. बेरीज ५० पैकी ३५. सत्राच्या परीक्षेत तोंडीत ७ आणि लेखीत ४० पैकी २४, म्हणजे ३१. एकूण झाले ६६.

श्रेणीचा तक्ता असा आहे: ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. आपल्या मुलीला ६६ वर ब-२ मिळाली.

आता हिशोब उलटा करून बघा. तिला चाचणीत ८ ऐवजी दुप्पट, म्हणजे १६ मिळाले असते तर? १० पैकी ८ धरले गेले असते आणि एकूण ७० झाले असते. श्रेणी तरीही ब-२ च! पैकीच्या पैकी मिळाले असते तर ७२ होऊन ब-१ आली असती. म्हणजे घरी ज्या आठ गुणांवरून रडारड झाली, ते प्रगतिपुस्तकावर दिसलेच नसते.

याचा अर्थ ८ गुण चालतात असा मात्र नाही. श्रेणीतून ही चाचणी वाचताच येत नाही, ती उत्तरपत्रिकेतून वाचावी लागते.

पुस्तक उघडं ठेवून काय तपासतात?

पाचवीच्या अपूर्णांकांवर असा एक प्रश्न घ्या. एका भाकरीचे ८ समान तुकडे केले. रवीने ३ खाल्ले, आईने २ खाल्ले. उरलेला भाग अपूर्णांकात लिहा, चित्र काढून दाखवा आणि कसं काढलं ते एका वाक्यात सांगा. गुण ३, तीन भागांना एकेक.

याचं उत्तर पुस्तकात कुठेच छापलेलं नाही. अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय, हे पुस्तकात सापडेल. पण इथे छेद ८ का आणि अंश ३ का, ते मुलालाच ठरवावं लागेल.

आता तीन मुलांची तीन चुकीची उत्तरं बघा. पहिल्याने ५/८ लिहिलं. त्याला अपूर्णांक येतो, पण त्याने खाल्लेला भाग लिहिला, उरलेला नाही. म्हणजे अडचण प्रश्न वाचण्यात आहे. दुसऱ्याने नुसतं ३ लिहिलं. वजाबाकी बरोबर आहे, पण ते तुकडे कशाचा भाग आहेत हे सुटलं. तिसरीने ३/८ बरोबर लिहिलं, पण चित्रात आठ लहानमोठे तुकडे काढले. तिला रीत पाठ आहे, 'समान भाग' ही कल्पना मात्र पोचलेली नाही.

गुणांच्या रकान्यात यातली पहिली दोन मुलं सारखीच दिसू शकतात. घरी घ्यायचा अभ्यास मात्र वेगळा लागतो. एकाकडून शाब्दिक उदाहरणं मोठ्याने वाचून घ्यायची, दुसऱ्याला कागदाच्या घड्या घालून भाग दाखवायचे. आणि तिसरीला जास्त गुण आहेत म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं, तर छेद वेगवेगळे असलेली बेरीज आली की ती अडणार.

मग गडबड कुठे होते?

आकारिकमध्येच. वर्गात ५०-६० मुलं असली की आठ साधनांच्या नोंदी रोजच्या रोज होणं अवघड जातं. मग सत्राच्या शेवटी एका बैठकीत रकाने भरले जातात. हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलाचे तोंडी, कृती, प्रकल्प या सगळ्यांचे गुण जवळपास सारखे असतात आणि वर्णनात्मक नोंदीत 'प्रगती समाधानकारक' यापलीकडे काहीच नसतं. खरी नोंद ठोस असते. 'समच्छेद अपूर्णांकांची बेरीज करते, तोंडी उदाहरणात मदत लागते' असं काहीतरी.

पालकसभेत 'इतके कमी गुण का' असं विचारण्यापेक्षा 'हिच्या नोंदी दाखवाल का' असं विचारलं, तर जास्त कळतं. ड पेक्षा खालची श्रेणी असेल तर त्या मुलाला शाळेने जादा मार्गदर्शन देऊन पुढे आणणं अपेक्षित आहे, हेही विचारता येतं.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी हे नक्की वाचा

ग्रुपवर एका पालकांनी लिहिलं होतं, "आठवीपर्यंत नापास करत नाहीत, टेन्शन कशाला?" हे आता पूर्ण खरं नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवायचा पर्याय राज्यांना मिळाला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो स्वीकारला. या दोन इयत्तांमध्ये दुसऱ्या सत्रात संकलितऐवजी वार्षिक परीक्षा होते. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीला ६० चा. पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१ गुण लागतात.

आपल्याच मुलीचं उदाहरण पुढे नेऊ. दुसऱ्या सत्रात तिला आकारिकमध्ये ५० पैकी ३८ आहेत. वार्षिकमध्ये तोंडी ७ आणि लेखी ९, म्हणजे १६. बेरीज ५४ होते आणि जुन्या तक्त्यानुसार ती क-१ असती. पण पास व्हायचा निकष वार्षिक परीक्षेच्या गुणांवर आहे आणि तिथे तिला दोन गुण कमी पडतात. आकारिकचे ३८ गुण ती उणीव भरून काढत नाहीत.

नापास झालं तर लगेच वर्ष जात नाही. जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यावी, असं कायदा सांगतो. त्यातही अपयश आलं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

हे सगळं राज्य मंडळाच्या शाळांसाठी आहे. सीबीएसई शाळांच्या चाचण्यांचं गणित वेगळं असतं, त्यामुळे त्या ग्रुपवर हा हिशोब लावू नका.

पाचवीतल्या मुलीला ऑगस्टमध्ये अपूर्णांक कळले नाहीत तर त्याची किंमत श्रेणीत दिसणार नाही, पण एप्रिलमध्ये वार्षिकच्या लेखी पेपरात दिसेल. मधल्या आठ महिन्यांत हे सांगणारा कागद म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका. बाईंच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ तेच सांगत होती आणि ४३ मेसेजमध्ये तिच्यावर कुणीच बोललं नव्हतं. तपासलेला पेपर घरी पाठवत आहे, बघून सही करून परत पाठवा.

ताईने सही केली होती. पेपर उघडला नव्हता.