निकाहनाम्यातली तारीख आणि तिसरा गवाह

ईदच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक नवे जोडपे शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या घरी आले. मुलगा आमचा जुना विद्यार्थी, मुलगीही शिरपूरचीच. डब्याबरोबर एक प्लॅस्टिकची पिशवी होती. त्याने ती हळूच पुढे सरकवली आणि म्हणाला, "सर, निकाहनामा उर्दूत आहे. नगरपरिषदेत मराठीत भाषांतर मागतात. तेवढे करून द्या ना."

निकाह झाला होता 9 जानेवारी 2025 रोजी. पाहुणे गेले, वलीम्याचा हिशेब झाला, मग शाबान, मग रमजान. नोंदणी राहून गेली. आम्ही बोटांवर मोजले. निकाहापासून नव्वद दिवस 9 एप्रिलला पूर्ण होत होते आणि आज 2 एप्रिल. नव्वद दिवस उलटले म्हणजे नोंदणीच होत नाही, असे नाही. आपल्या राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे. त्याच्या नियमांत नव्वद दिवसांच्या आत पन्नास रुपये फी आहे, वर्षाच्या आत शंभर आणि वर्षानंतर दोनशे. अर्जाला शंभर रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, ते वेगळे. दंड काही घर बुडवणारा नाही. पण मुलगा महिनाभरात कामासाठी बाहेरदेशी जाणार होता आणि अर्जावर दोघांच्या सह्या निबंधकासमोर व्हाव्या लागतात. तो गेला की दोन वर्षे थांबणे आले.

आमच्या ओळखीच्या एका बहिणीला तर थांबायलाही वाव राहिला नव्हता. नवऱ्याचा इंतकाल झाला आणि त्याच्या फंडाचे पैसे मागायला गेल्यावर विवाहाचा दाखला विचारला गेला. निकाहनामा होता, पण काजीसाहेब हयात नव्हते आणि गवाहांपैकीही कोणी उरले नव्हते. अर्जावर नवऱ्याच्या सहीचा रकाना असतो. तो आता कोण भरणार? शेवटी तिला वकील धरून दिवाणी न्यायालयाचा रस्ता घ्यावा लागला.

तर त्या पिशवीकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट. त्याच्या मामांनी त्याला सांगितले होते, "कोर्टातच रजिस्टर करून टाका, पक्के काम." नोंदणीची दोन वेगवेगळी दारे आहेत आणि हा फरक आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक असतो. एक दार 1998 च्या कायद्याचे. शहरात नगरपरिषद आणि खेड्यात ग्रामपंचायत. इथे झालेल्या निकाहाची फक्त नोंद होते. निकाह निकाहच राहतो आणि वारसाहक्क शरियतप्रमाणेच चालतो. दुसरे दार 1954 च्या विशेष विवाह कायद्याचे. तिथे आधीच झालेला निकाहही नोंदवता येतो, त्यासाठी तीस दिवसांची नोटीस लागते. पण तशी नोंद झाली की तो विवाह त्या कायद्याखाली झाला असे धरले जाते आणि वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. कोणाला जाणूनबुजून ते हवे असेल तर त्याची मर्जी. मात्र एजंटाने नेले म्हणून नकळत त्या दारातून आत जाऊ नये.

पिशवीत कागद बरेच होते. दोघांची आधार कार्डे, शाळा सोडल्याचे दाखले, रेशन कार्डाच्या प्रती, लग्नपत्रिका, निकाहाच्या वेळचा फोटो, पासपोर्ट आकाराचे फोटो. वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला चालतो. निकाहाच्या दिवशी मुलगा एकवीस पूर्ण आणि मुलगी अठरा पूर्ण हवी, यात तडजोड नाही. पत्रिका छापली नसेल तर तसे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. दोघांपैकी कोणाचा हा दुसरा निकाह असेल तर आधीच्या तलाकचा किंवा खुलाचा कागद, नाहीतर आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला सोबत लागतो. अर्जात "विवाहाच्या वेळची स्थिती" असा रकानाच आहे. विधुर, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीने लाजून तिथे "अविवाहित" लिहू नये. पुढे तेच अडचणीचे होते.

कागद जमवणे सोपे होते. ते एकमेकांशी जुळवणे अवघड गेले. आपल्या खानदेशात नावांची तऱ्हाच न्यारी. निकाहनाम्यात "शेख अमुक वल्द शेख फलाँ", आधारवर "अमुक फलाँ शेख" आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव पिंजारी. मुलीच्या नावापुढे एका कागदावर "बी", दुसऱ्यावर "बानो", तिसऱ्यावर काहीच नाही. घरात आणि मोहल्ल्यात हे सारे एकच माणूस असते. टेबलामागच्या कारकुनापुढे मात्र ती तीन माणसे असतात, आणि त्यात त्याची चूक नाही.

इथे उर्दूचा एक स्वभाव समजून घ्यावा. उर्दू लिहिताना जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच अक्षरजोड कोणी रिहाना वाचतो, कोणी रेहाना. मुदस्सिर आणि मुदस्सर यांचेही तसेच. म्हणून भाषांतर करताना आम्ही आधी आधार कार्ड शेजारी ठेवतो आणि उर्दू अक्षरांत बसत असेल तर आधारवरचेच लेखन जसेच्या तसे घेतो. त्यात लबाडी नाही, कारण मूळ अक्षरे तेच सांगतात. पण जिथे नाव खरोखरच वेगळे आहे, म्हणजे काजीसाहेबांनी मुलीचे घरातले लाडाचे नाव लिहिले आहे किंवा शेखचे पिंजारी झाले आहे, तिथे भाषांतर करणाऱ्याने आपल्या मनाने दुरुस्ती करू नये. तिथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे. या मुलाला तेच करावे लागले.

मुलीने विचारले, "आधारवर आधी यांचे नाव लावून घेऊ का?" आम्ही नको म्हणालो. निकाहाच्या दिवशी जे नाव होते त्याच नावाने अर्ज करावा. शरियतमध्ये बायकोने नवऱ्याचे नाव लावलेच पाहिजे असे काही नाही. लावायचेच असेल तर नोंदणीचा दाखला हाती आल्यावर त्याच्या आधारे बदल करता येतो. आधीच बदलले तर निकाहनामा आणि आधार यांत नवे अंतर पडते.

आम्ही भाषांतर केले, काजीसाहेबांचा शिक्का आणि सही त्यावर घेतली आणि 4 तारखेला जोडपे कार्यालयात गेले. दुपारी परत आले. चूक निघाली होती, आणि ती आमची होती.

निकाहनाम्यात फक्त हिजरी तारीख होती, 9 रज्जब 1446. आम्ही कॅलेंडर उघडले, 9 रज्जबसमोर 10 जानेवारी, शुक्रवार होता, तोच लिहून मोकळे झालो. लग्नपत्रिकेवर मात्र 9 जानेवारी, गुरुवार, बाद नमाज-ए-इशा. वीस-बावीस वर्षे मुलांना शिकवतो आहोत की इस्लामी दिवस मगरिबपासून सुरू होतो, आणि स्वतः कागदावर लिहिताना तेच विसरलो. गुरुवारी सूर्य मावळला तेव्हाच 9 रज्जब लागला होता. म्हणजे काजीसाहेबांचे बरोबर, पत्रिकेचेही बरोबर, भाषांतर तेवढे चुकलेले. आपल्याकडे बरेच निकाह इशानंतर होतात, म्हणून ही एका दिवसाची गफलत कोणाच्याही कागदात होऊ शकते. निकाह मगरिबनंतर झाला असेल तर कॅलेंडरात त्या हिजरी तारखेसमोर दिसणाऱ्या इंग्रजी तारखेतून एक दिवस वजा करावा आणि वार ताडून पाहावा. वार कधी फसवत नाही. सगळ्यात बरे म्हणजे काजीसाहेबांना निकाहाच्या वेळीच दोन्ही तारखा आणि वार लिहायला सांगावे.

दुसरी अडचण गवाहांची निघाली. निकाहाला दोन गवाह पुरतात आणि निकाहनाम्यावर दोघांच्याच सह्या होत्या. सरकारी अर्जावर साक्षीदारांचे रकाने तीन. दोघे तयार होते, तिसऱ्याचा विचारच कोणी केला नव्हता. मुलगा म्हणाला, "मित्राला नेतो." पण साक्षीदार निकाहाला हजर असलेला हवा. त्याने स्वतः येऊन सही करायची असते, घरी सही घेऊन कागद पाठवणे चालत नाही. सोबत त्याचे आधार कार्ड, फोटो आणि पूर्ण पत्ता हवा. मुलीचे वकील म्हणून तिच्या मामांनी काम पाहिले होते, ते साहजिकच पहिले नाव, पण ते सुरतला परतले होते. मग तिच्या खाला पुढे झाल्या. घरात जरा कुजबुज झाली, औरतची गवाही चालेल का म्हणून. निकाहाच्या शर्ती वेगळ्या आणि हा अर्ज वेगळा. निकाह त्या रात्री आपल्या दोन गवाहांसह पूर्ण झालेला आहे. हा तिसरा साक्षीदार सरकारला एवढेच सांगतो की मी तिथे होतो किंवा होते. त्यासाठी सज्ञान व्यक्ती पुरते, पुरुष असो वा बाई. खाला नातवंडाला शेजारी सोपवून रिक्षात बसल्या.

काजीसाहेबांची सही अर्जावरही लागते, निकाहनाम्यावर असली तरी. तिथे त्यांचे नाव, वय, पत्ता भरायचा असतो. निकाह ज्यांनी पढवला त्यांचीच सही हवी. बाहेरगावच्या एखाद्या बुजुर्गांनी निकाह पढवला असेल तर त्यांच्या परतीच्या गाडीआधीच ही सही आणि आधारची प्रत घेऊन ठेवावी. ह्या जोडप्याचे काजीसाहेब गावातलेच होते, म्हणून निभावले.

सोमवारी, 7 एप्रिलला, दोघे तीन साक्षीदारांसह पुन्हा गेले. मूळ कागद दाखवले, सह्या झाल्या, अर्ज दाखल झाला. दोन दिवस शिल्लक होते. दाखला हाती आल्यावर घरी घेऊन आले तेव्हा आम्ही आधी नावांची अक्षरे आणि तारीख तपासली, मगच मिठाई घेतली. छापताना झालेली चूक त्याच आठवड्यात सांगितली तर लवकर सुधारते.

मुलगी दाखला उलटसुलट करून पाहत होती. म्हणाली, "यात महेर कुठे लिहिलाय?" कुठेच नाही. सरकारी अर्जात महेरचा रकानाच नसतो. महेर किती ठरला, त्यातला किती नगद दिला आणि किती बाकी, हे फक्त निकाहनाम्यात असते. दाखला आला म्हणून निकाहनामा कपाटाच्या तळाशी टाकायचा नाही. नवऱ्याने ती पिशवी तिच्या हातात दिली.

निघताना तो म्हणाला, दोन्ही कागद लॅमिनेट करून घेतो. आम्ही अडवले. बाहेरदेशी कागद लागतो तेव्हा त्याच्या मूळ प्रतीवर साक्षांकनाचे शिक्के घेतात, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. साधी पारदर्शक पिशवी घ्यावी, आणि चार-चार झेरॉक्स.