लिंकमागची दलाली

वाशीमच्या बाजार समितीत अडत्या अडत घेतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. मोबाईलवर मिक्सर सुचवणाऱ्याचे तसे नाही. अ‍ॅमेझॉनच्या लिंकमध्ये `tag=` आणि त्या नावाशेवटी `-21` दिसले, तर आपल्या खरेदीवर त्याला दलाली मिळते असे समजावे. छोट्या केलेल्या लिंकमध्ये ही खूण दिसत नाही; ती उघडूनच पाहावी लागते. समजा दलाली पाच टक्के. दोन हजारांच्या मिक्सरवर शंभर रुपये, चार हजारांच्यावर दोनशे. मग बोट कुठे वळणार? केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे असा संबंध सोप्या भाषेत, ठळकपणे सांगायला हवा. हॅशटॅगच्या गर्दीत दडवून चालत नाही. आम्ही आणखी एक पाहतो: त्या मिक्सरचा एखादा तरी ऐब सांगितलाय का?