विश्लेषण : गल्ल्यात ५०० रुपये कमी आले तर खिशातून भराल? बिलिंग काउंटरच्या मुलाखतीतला फसवा प्रश्न

सुपरमार्केटमध्ये कॅशियरच्या जागेसाठी मुलाखत द्यायला गेले, की एक प्रश्न हमखास येतो. ‘शिफ्ट संपताना गल्ल्यात ५०० रुपये कमी आले, तर काय कराल?’ बहुतेक उमेदवार क्षणाचाही विचार न करता सांगतात, ‘माझ्या खिशातून भरेन.’ उत्तर प्रामाणिक वाटते आणि काही ठिकाणी समोरच्या मॅनेजरलाही ते आवडते. पण या कामाच्या दृष्टीने ते चुकीचे उत्तर आहे आणि ते आवडणाऱ्या दुकानाबद्दलही उमेदवाराने दोनदा विचार करायला हवा.

खिशातून भरण्यात चूक काय?

गल्ला ही फक्त पैशांची पेटी नसते, ती दिवसभराची नोंदही असते. कमी आलेले ५०० रुपये गुपचूप भरले, की ही नोंद खोटी होते. पैसे कुठे गेले हे कुणालाच कळत नाही आणि तीच चूक पुढच्या आठवड्यात पुन्हा होते. शिवाय कमी आल्यावर स्वतःचे पैसे भरणाऱ्याला जास्त आलेले पैसे आपले वाटू लागतात. ‘परवा मी दोनशे भरले होते, आज दोनशे उचलले तर काय बिघडले?’ इथूनच हिशेब घसरायला लागतो. म्हणून नियम साधा आहे. कमी आले तरी सांगायचे, जास्त आले तरी सांगायचे. जास्त आलेले १०० रुपयेही बहुधा कुठल्या तरी ग्राहकाला कमी मिळालेले सुटे असतात.

मग योग्य उत्तर कोणते?

उदाहरण घेऊ. सकाळी सुट्यांसाठी गल्ल्यात २,००० रुपये दिले. दिवसाची रोख विक्री ४१,३६० रुपये झाली. परत आलेल्या मालापोटी ५४० रुपये रोख परत दिले. दुपारी गल्ल्यात जास्त रक्कम साठू नये म्हणून ३०,००० रुपये काढून तिजोरीत ठेवले. म्हणजे रात्री गल्ल्यात १२,८२० रुपये असायला हवेत. मोजले तर १२,३२० भरले. ५०० कमी.

चांगला उमेदवार सांगेल, ‘आधी पुन्हा मोजेन, मग फरकाच्या आकड्याकडे पाहीन, आणि सापडो वा न सापडो, सुपरवायझरला सांगून नोंद करेन.’ यातला मधला भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण फरकाचा आकडा बरेचदा कारण सांगतो. बरोबर ५०० कमी असतील तर शंका एका नोटेची. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात. तिजोरीत पाठवलेल्या पाकिटात ५००च्या ६० नोटांऐवजी ६१ गेल्या असतील, तर तिथे मोजणी केल्यावर पैसे सापडतात. फरक ८४७ रुपयांसारखा तुटक असेल, तर तेवढ्याच रकमेचे बिल शोधायचे. ग्राहकाने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले आणि घाईत बिल ‘रोख’मध्ये गेले, असे वारंवार होते. मग रोख ८४७ने कमी दिसते आणि यूपीआयची जमा तेवढ्यानेच जास्त. आणि फरकाला ९ने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल तपासायची. ५४०च्या जागी ४५० लिहिले, की फरक ९०चा पडतो. हा पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरून कळते.

वेग म्हणजे नेमके काय?

मुलाखतीत तोंडी हिशेबही विचारला जातो. बिल १८७ रुपयांचे, ग्राहकाने ५००ची नोट दिली, परत किती? ३१३. इथपर्यंत सगळेच येतात. पण अनुभवी कॅशियर विचारतो, ‘वरचे सात रुपये आहेत का?’ ५०७ घेऊन ३२० परत दिले, की शंभराच्या तीन आणि विसाची एक नोट देऊन काम संपते. सुटे वाचतात आणि रांगही सरकते.

मात्र एक गोष्ट वेगाच्या नावाखाली सोडून चालत नाही. नोट हातात येताच ‘पाचशे दिले’ असे मोठ्याने म्हणायचे आणि सुटे परत देईपर्यंत ती नोट गल्ल्यात न टाकता वेगळी ठेवायची. ‘मी पाचशेची दिली होती, तुम्ही दोनशेचा हिशेब केला’ हा वाद मग उभाच राहत नाही. सुटे दिल्यानंतर ग्राहक ‘थांबा, माझ्याकडे सुटे आहेत, ती नोट परत द्या’ म्हणाला, तर आधी दिलेले सगळे सुटे परत घ्यायचे, मोजायचे आणि मगच नवा हिशेब सुरू करायचा. दोन हिशेब एकात मिसळले, की गल्ला कमी येतो. मुद्दाम फसवणारेही याच गोंधळाचा फायदा घेतात.

रांग वाढल्यावर शांत राहायचे म्हणजे?

‘हसतमुख राहीन’ हे उत्तर पुरेसे नाही. खरी कसोटी अशी असते. रविवारची संध्याकाळ, रांगेत पंधरा जण, एका ग्राहकाला स्कॅन झालेले तेलाचे पाकीट नको आहे. बिलातून वस्तू काढायला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो आणि सुपरवायझर गोदामात आहे. मागून आवाज येतो, ‘अहो, लवकर करा की!’ अनेक काउंटरवर अशा वेळी सर्वांना पाठ झालेला पासवर्ड टाकला जातो.

पण वस्तू रद्द करणे हाच गल्ल्यातून पैसे काढण्याचा एक सोपा मार्ग आहे. रोख घ्यायची, ग्राहक गेला की बिलातली वस्तू रद्द करायची आणि फरक खिशात. म्हणूनच तिथे दुसऱ्याची परवानगी ठेवलेली असते. पासवर्ड सगळ्यांचा झाला, तर उद्या चोरी कुणी केली हे सांगता येत नाही आणि संशय निर्दोष माणसावरही जातो. योग्य मार्ग म्हणजे ते बिल ‘होल्ड’वर टाकणे, ग्राहकाला ‘दोन मिनिटं द्या, साहेबांना बोलावलंय’ असे स्पष्ट सांगणे आणि पुढच्याचे बिल घेणे. इथे शांतपणा आणि प्रामाणिकपणा हे वेगळे गुण राहत नाहीत.

कायदा काय सांगतो?

कमी आलेली रक्कम पगारातून आपोआप कापता येत नाही. १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमात आणि आता २०१९च्या वेतन संहितेतही अट आहे, की नुकसान थेट त्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असावे, कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि त्याआधी कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी मिळावी. एकाच गल्ल्यावर जेवणाच्या सुट्टीत दुसरा माणूस बसत असेल, तर हलगर्जी कुणाची हे ठरवायचे कसे?

त्यामुळे मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का?’ असे म्हटल्यावर उमेदवाराने गप्प बसू नये. प्रत्येकाला वेगळा लॉगिन आणि वेगळा गल्ला मिळतो का? सकाळची रक्कम दोघांसमोर मोजून सही होते का? कमी आल्यास चौकशी कशी होते? अनेकांसाठी ५०० रुपये म्हणजे दिवसभराच्या कष्टाची कमाई असते. कॅशियरकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणाऱ्या दुकानाला हे तीन प्रश्न उद्धटपणाचे वाटत असतील, तर तिथल्या गल्ल्याचा धोका उमेदवाराच्याच माथी येणार, हे त्याने ओळखावे.