रिपोर्टातले शब्द आणि गालातला पांढरा डाग

बायोप्सीचा रिपोर्ट एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहितो, पण तो कागद आधी घरात येतो. ओपीडीची तारीख चार दिवसांनी असते. तोवर घरात ज्याला इंग्रजी येतं त्याच्या हाती तो दिला जातो, आणि घरात कोणी नसेल तर शाळेतल्या शिक्षकाकडे आणला जातो. उपचार काय करायचा हे शिक्षक सांगू शकत नाही. पण कागदावरच्या शब्दाचा अर्थ तेवढा सांगता येतो, आणि त्या चार दिवसांत घरच्यांना तोच हवा असतो.

आमच्या आरे कॉलनीतल्या एका चाचांचा रिपोर्ट असाच माझ्याकडे आला. चाचा तबेल्यात काम करतात. तंबाखू-चुना मळून वर्षानुवर्षे डाव्या गालात धरत आले, आणि नेमका तिथेच न पुसला जाणारा पांढरा डाग उमटला. डॉक्टरांनी त्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात दोन ओळी होत्या : ‘स्क्वॅमस हायपरप्लेसिया विथ मॉडरेट डिसप्लेसिया. नो इन्व्हेजन सीन इन द सेक्शन्स एक्झॅमिन्ड.’ थोरल्या मुलाने पहिली ओळ वाचून कॅन्सरच धरला आणि चाचींचं रडणं सुरू झालं. धाकटा म्हणाला, “‘नो’ लिहिलंय ना, मग झालं. तारखेला जायची काय गरज?” दोघांनीही चुकीचं वाचलं होतं, पण धाकट्याची चूक जास्त महाग पडली असती.

गालाच्या आतलं अस्तर म्हणजे विटांच्या भिंतीसारखे पेशींचे थर असतात. सर्वांत खाली एक पातळ पडदा असतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. नव्या पेशी या पडद्यालगत तयार होतात, वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी झडून जातात. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या मात्र पडद्याच्या खाली असतात.

हायपरप्लेसिया म्हणजे विटा वाढल्या, पण रचना सरळ राहिली. दाताची धार गालाला सतत घासत असेल तरी तिथलं अस्तर असं जाड होतं. नुसता हा शब्द असेल तर तो कॅन्सर नव्हे. मात्र शब्दाच्या मागेपुढे काय लिहिलंय तेही पाहावं. ‘व्हेरूकस हायपरप्लेसिया’ हे वेगळं प्रकरण आहे. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडात ते दिसतं, आणि त्याच्या आत कधी कधी कॅन्सर लपलेला असतो.

डिसप्लेसिया म्हणजे विटाच वेड्यावाकड्या झाल्या. पेशींचा आकार बिघडतो, आतलं केंद्रक मोठं आणि गडद होतं, थरांची शिस्त मोडते. हा बिघाड खालून वर चढतो. ढोबळमानाने खालच्या एक तृतीयांश भागापर्यंत असेल तर माइल्ड, दोन तृतीयांशापर्यंत असेल तर मॉडरेट, त्याहून वर गेला तर सिव्हिअर. काही लॅब फक्त लो ग्रेड आणि हाय ग्रेड असं लिहितात. महत्त्वाची गोष्ट ही की या साऱ्या पायऱ्यांवर खालचा पडदा शाबूत असतो. पडदा फोडून पेशी खाली उतरल्या की त्याला ‘इन्व्हेजन’ म्हणतात. तिथून कॅन्सर सुरू होतो, कारण गळ्यातल्या गाठींपर्यंत जाणाऱ्या वाटा पडद्याखालीच आहेत. म्हणजे चाचांना कॅन्सर झाला असं रिपोर्ट म्हणत नव्हता. कॅन्सरकडे जाऊ शकेल असा बिघाड सापडला आहे, असं तो म्हणत होता.

मग धाकट्याचं काय चुकलं? त्याने ‘इन द सेक्शन्स एक्झॅमिन्ड’ हे शेवटचे शब्द सोडून दिले. त्यांचा अर्थ, जेवढा भाग तपासला तेवढ्यात इन्व्हेजन दिसलं नाही. डाग रुपयाएवढा आणि तुकडा ज्वारीएवढा. उरलेल्या डागात काय आहे हे त्या तुकड्यावरून पक्कं सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर रिपोर्ट आणि तोंड दोन्ही मिळून पाहतात. डाग हाताला कडक लागत असेल, त्यात लाल भाग किंवा न भरणारी जखम असेल आणि रिपोर्ट मात्र सौम्य असेल, तर ते दुसऱ्या जागेचा तुकडा घेतात.

चाचा तारखेला गेले. डॉक्टरांनी पूर्ण डाग काढला आणि दुसरा रिपोर्ट आला. त्यात नवा शब्द होता, मार्जिन. काढलेल्या भागाच्या कडांना पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात आणि बिघडलेल्या पेशी शाईपासून किती दूर आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तोंडातलं हे अंतर 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड मोकळी मानतात. त्याहून कमी असेल तर ‘क्लोज’ आणि 1 मिलिमीटरपेक्षाही कमी असेल तर ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ अशी विभागणी सर्वसाधारणपणे वापरली जाते. चाचांच्या रिपोर्टात खालची कड मोकळी होती आणि मागच्या कडेला माइल्ड डिसप्लेसिया होता. म्हणजे आत कॅन्सर राहिला असं नव्हे. बिघडलेलं अस्तर थोडं उरलं आहे, म्हणून नियमित तपासणी हवी आणि तंबाखू पूर्ण बंद हवा. डाग काढला म्हणून धोका संपत नाही, कारण तंबाखू साऱ्या तोंडाला लागलेला असतो.

एक खबरदारी. पहिल्या, लहान तुकड्याच्या रिपोर्टात ‘कडेपर्यंत बिघाड आहे’ असं असलं तर घाबरू नये. डागाच्या मधूनच तुकडा घेतल्यावर कडेला डाग असणारच. मार्जिनचा प्रश्न डाग किंवा गाठ पूर्ण काढल्यावर येतो.

उरला शब्द ग्रेड. चाचांच्या कागदावरचं ‘मॉडरेट’ ही डिसप्लेसियाची ग्रेड होती. कॅन्सर असेल तर वेल, मॉडरेटली किंवा पुअरली डिफरन्शिएटेड असं लिहितात. ‘वेल’ म्हणजे रुग्ण बरा आहे असं नव्हे, तर पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसतात. आणि ‘ग्रेड 3’ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड पेशीचं रूप सांगते. स्टेज गाठीचा आकार, ती किती खोल गेली आणि कुठवर पसरली यावरून ठरते.

ही खोली रिपोर्टात मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, आणि तिचं मोल कळण्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या रुग्णांवर केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच ऑपरेशनमध्ये गळ्यातल्या गाठीही काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. गाठी दिसू लागेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होतं. गळा वरून साफ वाटला तरी कॅन्सर किती खोल गेला आहे हे डॉक्टर इतक्या बारकाईने का पाहतात, ते यावरून ध्यानात यावं.

तारखेला जाताना रिपोर्टाचा फोटो नव्हे, सगळे कागद न्यावेत. दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत, कारण दुसरा पॅथॉलॉजिस्ट कागद नव्हे, तेच पाहतो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : इन्व्हेजन आहे का, तपासलेला तुकडा पुरेसा होता का, आणि पुढची तपासणी कधी. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर मात्र दिलेल्या तारखेचीही वाट पाहू नये.