आलेखाची शेपटी पाहून निर्णय घेऊ नका

"डॉक्टर, ही रेघ बघा. दोन वर्षांनंतर सरळ आडवी झालीय. म्हणजे पुढे धोका नाही ना?" कॅन्सरच्या रुग्णाचे नातेवाईक मोबाईलवर महागड्या औषधाचा आलेख दाखवून असे विचारतात. घर गहाण ठेवायचे की नाही, हे कधी कधी त्या रेघेवर ठरते. म्हणून ती कशी वाचायची, हे तुम्हालाही माहीत असायला हवे.

हा सर्व्हायव्हल कर्व्ह. कॅप्लान आणि मायर या दोघांनी १९५८ साली मांडलेल्या पद्धतीने तो काढतात. आडव्या रेषेवर काळ आणि उभ्या रेषेवर हयात असलेल्यांची टक्केवारी असते. सुरुवात १०० टक्क्यांपासून होते. कुणाचा मृत्यू झाला की रेघ एक पायरी खाली उतरते. मृत्यू नाही तोवर ती आडवी चालते.

समजा, अभ्यासात १० रुग्ण आहेत. दुसऱ्या महिन्यात एक दगावला, रेघ ९० वर आली. चौथ्या महिन्यात आणखी एक गेला, रेघ ८० वर. पाचव्या महिन्यात दोघांचा फॉलोअप थांबला. एकजण गावी गेला, दुसरा उशिरा दाखल झाल्याने त्याचे पाचच महिने भरले होते. त्यांचे पुढे काय झाले हे ठाऊक नाही, म्हणून रेघ खाली येत नाही, फक्त तिच्यावर बारीक उभी खूण होते. पण पुढच्या हिशेबातून ते दोघे वजा होतात. उरले ६.

सातव्या महिन्यात या सहांपैकी एक दगावला. सहापैकी पाच वाचले, म्हणून ८० चे पाच-षष्ठांश, म्हणजे सुमारे ६७ टक्के. नवव्या महिन्यात आणखी तिघांचा फॉलोअप संपला. आता उरले फक्त दोन. चौदाव्या महिन्यात त्यातला एक गेला आणि रेघ ६७ वरून थेट ३३ वर कोसळली.

पहिला मृत्यू झाला तेव्हा पायरी १० टक्क्यांची होती, शेवटच्या मृत्यूला ती ३३ टक्क्यांची झाली. आजार अचानक बळावला असे नाही, मोजायला माणसेच कमी उरली होती. आता उरलेला एकटा रुग्ण दोन वर्षांपर्यंत हयात राहिला, तर रेघ चौदाव्या महिन्यापासून चोविसाव्यापर्यंत सपाट दिसेल. नातेवाईकांना जी 'सुरक्षित' वाटते ती रेघ म्हणजे एक माणूस! तो गेला तर रेघ शून्यावर येईल. याचा अर्थ दहाही जण गेले असा नाही. पाच जण तर शेवटच्या भेटीत हयातच होते.

मग सपाट रेघ नेहमीच फसवी का? नाही. शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर इपिलिमुमॅब हे औषध वापरलेल्या १,८६१ रुग्णांची माहिती २०१५ मध्ये एकत्र करून प्रसिद्ध झाली. निम्मे रुग्ण साधारण ११.४ महिन्यांच्या आत दगावले होते. पण तीन वर्षांच्या सुमारास रेघ २२ टक्क्यांजवळ सपाट होऊ लागली आणि काहींचा फॉलोअप १० वर्षांपर्यंत होता. तीन वर्षे वा अधिक फॉलोअप असलेले २५४ रुग्ण त्यात होते. इथली सपाटी अनेकांच्या आधारावर उभी आहे, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. तरीही तिचा अर्थ 'औषध घेतले की बरे' असा नाही. सुरुवातीचा तीव्र उतार बहुतेकांचा आहे. सपाट भागात पोहोचलेल्यांचे पुढचे भवितव्य चांगले दिसते, पण उपचार सुरू करताना आपण त्यांच्यात असू की नाही, हे आलेख सांगत नाही.

फरक ओळखायचा कसा? आलेखाखाली आकड्यांची एक ओळ असते, 'नंबर ॲट रिस्क' नावाची. त्या त्या वेळी किती रुग्ण अजून मोजणीत आहेत, ते ती सांगते. सपाट भागाखाली ६० असेल तर थांबून विचार करा, २ किंवा ३ असेल तर तो भाग हाताने झाकूनच आलेख वाचा. उभ्या खुणा शेपटीत दाटीने असतील, तर बऱ्याच जणांचा फॉलोअपच अजून पूर्ण झालेला नाही, असे समजा.

माझे स्पष्ट मत आहे की, ही ओळ कापून आलेख दाखवणे ही रुग्णाची दिशाभूल आहे, मग ती जाहिरातीत असो वा आम्हा डॉक्टरांच्या टेबलावर. पुढच्या वेळी कुणी असा आलेख समोर ठेवला, तर रेघेबद्दल बोलण्याआधी विचारा, "या टोकाला किती माणसे उरली होती?" उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.