विजेचा चोर पकडायचा तर आधी मीटरचा लाल दिवा बघा

नृसिंहवाडी : १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. तो जवळ आला की शाळांमध्ये चित्रकला, घोषवाक्ये असे कार्यक्रम होतात. त्याहून उपयोगी पडणारा एक खेळ आहे, तो म्हणजे वीज-गुप्तहेर. यात पोरं वही घेऊन शाळेत आणि घरी फिरतात आणि कुठला दिवा, कुठला पंखा विनाकारण चालू आहे ते टिपतात. मुंबईत टाटा पॉवरने २००७ पासून 'क्लब एनर्जी' नावाने शाळांमध्ये असं काम सुरू केलं. आपल्या वाडीत तो खेळायला खर्च काहीच नाही. पण त्यातून बिल खरंच कमी होतं का, हा मुद्दा आहे.

नुसते चालू दिवे मोजून फार काही हाती लागत नाही. एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. तो रोज एक तास जास्त जळला तरी महिन्याला पाव युनिटच्या आसपासच जातं. खरा चोर दिसत नाही, तो मीटरवर पकडावा लागतो.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. हा आकडा प्रत्येक मीटरचा वेगळा असू शकतो, म्हणून आधी तो वाचावा. ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, म्हणजे चालू वॅट निघतात. १५ सेकंदांनी लुकलुकला तर ७५ वॅट, म्हणजे एक जुना पंखा चालू आहे. आकडा १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्यायचे.

आता घरातले सगळे दिवे-पंखे आणि फ्रिज थोडा वेळ बंद करा, मेन स्विच मात्र चालूच राहू द्या. तरीही दिवा लुकलुकत असेल तर चोर घरात आहे. समजा ४५ सेकंदांनी लुकलुकला. मग ११२५ भागिले ४५, म्हणजे २५ वॅट. दिवसरात्र २५ वॅट म्हणजे महिन्याला १८ युनिट! एकेक बटण बंद करत गेलं की सापडतं. बहुतेक वेळा रिमोटने बंद केलेला टीव्ही, सेट टॉप बॉक्स किंवा इन्व्हर्टर असतो. टीव्ही आणि बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणावरून बंद करावेत. इन्व्हर्टर बॅटरी भरत असेल तर तो चोर नव्हे.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंगमधून वीज गळत असू शकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांच्या भिंती भिजल्या, तिथे हे विशेष बघावं. पोरांनी बोर्डाला किंवा मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. पुढचं काम वायरमनचं.

पैशाचा हिशेब शंभर युनिटांच्या रेषेवर ठरतो. महावितरणच्या घरगुती बिलात शंभरच्या वरच्या युनिटचा दर खालच्याच्या जवळपास दुप्पट पडतो. शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटला वाढीव दर लागतो, असं गावात बोललं जातं, पण ते खरं नाही. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे ११२ युनिट जाणाऱ्या घराने १२ वाचवले तर ती सगळी महागडीच वाचतात आणि महिन्याला शंभरावर रुपये राहतात. ६० युनिट जाणाऱ्या घराला तेवढ्याच बचतीत निम्मेच मिळतील.

शाळेत हिशेब जरा वेगळा आहे. मधल्या सुट्टीत अर्धा तास दहा पंखे बंद केले तर जेमतेम पाऊण किलोवॅटचा भार अर्धा तास वाचतो, म्हणजे अर्ध्या युनिटहूनही कमी. पण शनिवारी दुपारी बारा वाजता विसरलेला एकच पंखा सोमवारी सकाळी दहापर्यंत साडेतीन युनिट खातो. म्हणून गुप्तहेराची खरी पाळी शाळा सुटताना असते. दोन पोरांनी रोज शेवटी वर्गातून फेरी मारावी.

मग वाचलेले पैसे कुणाचे? जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने १९९४ मध्ये शाळांशी ठराव केला, की वाचलेल्या पैशातला अर्धा हिस्सा शाळेचा. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळा वीजबिल बहुधा मिळणाऱ्या अनुदानातूनच भागवतात, म्हणजे वाचलेला रुपया खडू, दुरुस्तीला तिथेच उरू शकतो. तो कशावर खर्च झाला हे शाळा व्यवस्थापन समितीने पोरांना दाखवावं. नाहीतर डिसेंबर संपला की वह्या दप्तरात जातात आणि पंखे पुन्हा फिरत राहतात.